पूर्ण वाचता न येणारी तक्रारींची फाईल: नमुना कसा काढावा आणि निष्कर्ष कुठवर लागू आहेत हे कसे सांगावे

दादरच्या आमच्या छोट्या कार्यालयात दर दोन-तीन महिन्यांनी एकच अडचण नव्या वेषात येते. एखादी संस्था तक्रारींची, अभिप्रायांची किंवा अर्जांची मोठी फाईल घेऊन येते. तिच्यातला मुख्य मजकूर माणसाने वाचल्याशिवाय कळण्यासारखा नसतो आणि सगळा वाचायला कोणाकडेच वेळ नसतो. मग कोणीतरी वरच्या हजारभर ओळी वाचतो, टक्केवारी काढतो आणि अहवालात "तक्रारींपैकी इतके टक्के" असे लिहून मोकळा होतो. काही दिवसांनी दुसरा कोणी त्याच फाईलच्या दुसऱ्या भागातल्या हजार ओळी वाचतो, आकडा भलताच येतो, आणि कोणाचे वाचन चुकले यावर वाद सुरू होतो. बहुतेक वेळा वाचन कोणाचेच चुकलेले नसते, तर वाचायच्या ओळी निवडताना चूक झालेली असते. ही चूक कशी ओळखायची, कशी दुरुस्त करायची आणि शेवटी अहवाल मागणाऱ्याला नेमके काय लिहून द्यायचे, हे अलीकडच्या एका कामाच्या आधाराने येथे मांडत आहे. कामाचा तपशील झाकण्यासाठी सगळे आकडे बदललेले आहेत. ते रीत दाखवण्यापुरते आहेत, मुंबईच्या पाण्याविषयीचे निष्कर्ष म्हणून ते कोणीही उद्धृत करू नयेत.

अडचण काय होती

पाणीप्रश्नावर काम करणाऱ्या एका संस्थेच्या ताईंनी मुंबईतल्या पाणीपुरवठ्याच्या एका वर्षाच्या, म्हणजे १ जून ते ३१ मे या काळातल्या तक्रारी आमच्याकडे दिल्या. त्यांचे प्रश्न दोन होते. एकूण तक्रारींपैकी दूषित पाण्याच्या किती, आणि पावसाळ्यात त्यांचे प्रमाण खरोखर वाढते का. फाईलमध्ये विभाग, तारीख, तक्रार क्रमांक, जलजोडणी क्रमांक आणि मजकूर असे रकाने होते, पण तक्रारीचा प्रकार सांगणारा रकाना भरवशाचा नव्हता. अर्ध्याहून अधिक ठिकाणी नुसते "इतर" असे भरलेले होते. मजकूर मराठीत, हिंदीत, इंग्रजीत आणि रोमन लिपीतल्या मराठी-हिंदीत होता. "पाणी घाण येते", "pani ganda aa raha hai" आणि "नळाला गटारासारखा वास" या तिन्ही तक्रारी एकाच प्रकारच्या आहेत हे वाचणाऱ्यालाच कळते.

माझ्या सहकाऱ्याने वरच्या १,२०० ओळी वाचल्या आणि दूषित पाण्याचे प्रमाण ३१ टक्के काढले. मी पडताळणीसाठी शेवटच्या १,२०० ओळी वाचल्या, तर ते ६ टक्के आले. इतका फरक वाचणाऱ्याच्या मताने पडत नाही. योगायोगानेही पडत नाही, कारण नीट मिसळलेल्या फाईलमधून १,२०० नोंदी उचलल्या तर अशा दोन वाचनांत चार-पाच टक्क्यांहून जास्त अंतर क्वचितच दिसेल.

निदान: जे वाचता येत नाही ते मोजता येते

फाईल पूर्ण वाचता येत नाही म्हणजे तिच्याविषयी पूर्ण काहीच कळत नाही, असे नाही. मजकूर वाचायला माणूस लागतो, पण विभाग आणि महिना हे रकाने संगणक काही सेकंदांत शेवटच्या ओळीपर्यंत मोजतो. म्हणून पहिली तपासणी अशी की वाचलेल्या ओळींमध्ये विभाग व महिने कोणत्या प्रमाणात आहेत आणि पूर्ण फाईलमध्ये कोणत्या प्रमाणात आहेत, हे शेजारी-शेजारी मांडून पाहावे.

आमच्या बाबतीत उत्तर पहिल्याच ओळीत मिळाले. पूर्ण फाईलमध्ये ए विभागाचा, म्हणजे कुलाबा-फोर्टच्या पट्ट्याचा वाटा ३ टक्के होता आणि सहकाऱ्याने वाचलेल्या ओळींत तो १०० टक्के होता. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा वाटा पूर्ण फाईलमध्ये ४० टक्के होता, तर वाचलेल्या ओळींत पुन्हा १०० टक्के. कारण सरळ होते आणि दोष आमचाच होता. २४ विभागांच्या वेगवेगळ्या फाईली आम्हीच अक्षरक्रमाने एकाखाली एक जोडल्या होत्या आणि प्रत्येक फाईल १ जूनपासून तारखेने लावलेली होती. त्यामुळे वरच्या १,२०० ओळी म्हणजे कुलाब्याचा पावसाळा आणि खालच्या १,२०० ओळी म्हणजे मुलुंडचा उन्हाळा झाला होता. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण भात एकाच भांड्यात शिजलेला असेल तर. आमच्याकडे चोवीस डबे एकावर एक रचलेले होते आणि आम्ही वरचा डबा उघडून सगळ्या पंगतीचे जेवण कसे आहे ते सांगत होतो.

ही तपासणी उलट्या बाजूने वापरू नये, एवढे मात्र सांगायला हवे. विभाग आणि महिने जुळले म्हणजे नमुना चांगला ठरला असे होत नाही, कारण जे रकाने मोजलेच नाहीत त्यांत तो वाकडा असू शकतो. विभाग जुळले नाहीत तर नमुना टाकून द्यावा, जुळले तर एवढेच समजावे की या एका बाजूने तो पकडला गेलेला नाही.

दुसरा दोष: ओळ म्हणजे तक्रार नव्हे

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे फाईल पिसून हव्या तितक्या ओळी उचलणे. येथे दोन खड्डे आहेत. एक उथळ आहे, दुसरा खोल.

उथळ खड्डा असा की टर्मिनलवरची `shuf -n 600` ही आज्ञा मजकुराच्या ओळी पिसते, नोंदी नव्हे. लोकांनी तक्रार लिहिताना मध्येच एंटर दाबलेले असते, त्यामुळे एक नोंद तीन-चार ओळींवर पसरते आणि पिसताना तिचे तुकडे होतात. ओळखायची खूण म्हणजे `wc -l` ने दिलेली संख्या आणि नोंदी नीट वाचणाऱ्या प्रोग्रामने दिलेली संख्या यांतला फरक. आमच्याकडे पहिली ४,२१,९०७ होती आणि दुसरी ३,८६,४१२. शीर्षकाची ओळ वगळूनही हे आकडे जुळले नाहीत तर पिसण्याचे काम ओळींवर करू नये.

खोल खड्डा यानंतरचा आहे. नोंदी ३,८६,४१२ होत्या, पण वेगवेगळे तक्रार क्रमांक होते १,१२,६४०.

```python
import pandas as pd
df = pd.read_csv("takrari.csv", dtype=str)
print(len(df), df["takrar_id"].nunique())
```

तक्रार दाखल झाली की एक नोंद, पुढे पाठवली की दुसरी, बंद केली की तिसरी, आणि रहिवाशाने ती पुन्हा उघडली की आणखी काही, अशी ही रचना होती. "प्रेशर कमी आहे" एवढीच एक तक्रार दोन नोंदींत संपलेली होती. दुसऱ्या एका इमारतीची तक्रार मात्र अशी होती: "सकाळी पहिली दहा मिनिटे पाणी काळपट येते, नंतर साफ होते. मागच्या वेळी तक्रार बंद केली पण काम झाले नाही." ती तीनदा उघडली गेली होती आणि तिच्या ११ नोंदी होत्या. आता नोंदींमधून यादृच्छिक निवड केली तर दुसरी तक्रार हाती लागण्याची शक्यता पहिलीच्या साडेपाच पट होते. दूषित पाण्याच्या तक्रारी जर जास्त वेळा उघडल्या जात असतील, आणि वाचताना आम्हाला तसेच दिसत होते, तर निवड कितीही निःपक्षपाती असली तरी त्यांचे प्रमाण फुगलेलेच येणार.

हा फुगवटा नमुना मोठा केल्याने कमी होत नाही, हे पुष्कळांना पटत नाही. या बाबतीत मला नेहमी पां. वा. सुखात्मे यांचे पीक-कापणीचे काम आठवते. मूळचे सातारा जिल्ह्यातले हे संख्याशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात पिकाचे उत्पन्न नमुन्यावरून अजमावण्याच्या पद्धतींवर काम करत होते. शेतात फार लहान तुकडा आखून कापणी केली तर उत्पन्नाचा अंदाज जास्त येतो, असे त्यांनी दाखवले. आखलेल्या रेषेवरची रोपे कापणारा आत धरतो, आणि तुकडा जितका लहान तितका त्या काठाचा वाटा मोठा असतो. असे हजार तुकडे कापले तरी अंदाज जास्तच येईल, फक्त जास्त आत्मविश्वासाने. आमच्या फाईलमधल्या पुन्हा उघडलेल्या तक्रारी हा तसाच काठ होता.

उपाय निवडीच्या आधीच करायचा असतो. आपण कशाचे प्रमाण सांगणार आहोत ते आधी ठरवावे आणि त्याची प्रत्येकी एकच नोंद ठेवून यादी तयार करावी. ताईंचा प्रश्न तक्रारींविषयी होता, म्हणून प्रत्येक तक्रार क्रमांकाची वेळेनुसार पहिली नोंद, म्हणजे रहिवाशाने स्वतः लिहिलेला मजकूर, एवढीच आम्ही यादीत ठेवली. कामगारांवरचा बोजा मोजायचा असता तर नोंदींची यादीच योग्य ठरली असती.

किती वाचायचे

हा प्रश्न आम्ही घड्याळापासून सुरू करतो. एक तक्रार वाचून तिचा प्रकार टिपायला सरासरी ४० सेकंद लागत होते. सगळ्या १,१२,६४० तक्रारींना त्या हिशेबाने सुमारे १,२५० तास लागले असते, म्हणजे रोज सात तास वाचणाऱ्या एका माणसाचे जवळजवळ १८० कामाचे दिवस. ६०० तक्रारींना पावणेसात तास लागतात आणि ते काम दोघांनी एका दिवसात होते.

६०० वाचून मिळणारी टक्केवारी किती पक्की असते, याचे ढोबळ सूत्र असे आहे, त्यात p म्हणजे निघालेले प्रमाण आणि n म्हणजे वाचलेल्या तक्रारींची संख्या:

```
1.96 * sqrt(p * (1 - p) / n)
```

प्रमाण निम्म्याच्या आसपास असताना ६०० च्या साध्या यादृच्छिक नमुन्यात दोन्ही बाजूंना सुमारे ४ टक्क्यांची चूक-मर्यादा येते, आणि प्रमाण लहान असेल तर ती याहून कमी असते. मर्यादा निम्मी करायची तर चौपट, म्हणजे २,४०० तक्रारी वाचाव्या लागतात. या सूत्रात फाईलचा आकार कुठेच नाही, हे ताईंना फार विचित्र वाटले. लाखाच्या फाईलला ६०० पुरतात तर दहा लाखांच्या फाईललाही जवळजवळ तितकेच पुरतात. "एक टक्का तरी वाचा" हा आग्रह म्हणूनच निरर्थक आहे. पाच हजारांच्या फाईलसाठी एक टक्का फार थोडा होतो आणि पन्नास लाखांच्या फाईलसाठी फार जास्त.

नमुन्याचा आकार मात्र तुकडे पाडताना डोके वर काढतो. हेच ६०० वाचन २४ विभागांत वाटले तर प्रत्येकी सरासरी २५ येतात आणि २५ वाचनांची चूक-मर्यादा २० टक्क्यांच्या घरात जाते. त्या आधारावर विभागांची क्रमवारी लावणे म्हणजे नाणेफेक करून निकाल छापणे होय. म्हणून वाचायच्या संख्येआधी हे विचारावे की अहवालात कोणकोणत्या गटांविषयी स्वतंत्र वाक्य लिहायचे आहे. ताईंना दोनच गटांची तुलना हवी होती, पावसाळा आणि उरलेले वर्ष. आम्ही यादीचे तेवढेच दोन स्तर केले आणि प्रत्येकातून ३०० तक्रारी निवडल्या.

```python
t = df.sort_values("vel").drop_duplicates("takrar_id").copy()
t["pavsala"] = t["vel"].str[5:7].isin(["06", "07", "08", "09"])
s = t.groupby("pavsala").sample(n=300, random_state=2718)
```

येथे `vel` या रकान्यात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने वेळ लिहिलेली आहे असे गृहीत आहे. दिवस आधी लिहिलेला असेल तर पहिली ओळ चुकीचा क्रम लावते आणि दुसरी ओळ भलतेच अंक उचलते, आणि दोन्ही वेळा कोणतीही तक्रार न करता. `random_state` चा अंक वाचन सुरू करण्याआधी वहीत लिहून ठेवावा. तो बदलून पुन्हा नमुना काढण्याचा मोह पहिला निकाल अडचणीचा आला की हमखास होतो, आणि तसे केल्यावर ती निवड यादृच्छिक राहत नाही.

वाचनाविषयी थोडेच सांगतो. पहिल्या ६० तक्रारी आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे वाचल्या आणि ५१ ठिकाणी आमचे एकमत झाले. उरलेल्या नवांपैकी सात तक्रारी "पाणी पिवळसर आहे, वास नाही" अशा होत्या. गंजलेल्या नळाचे पाणी दूषित धरायचे की नाही, हे आम्ही ठरवलेच नव्हते. रंग, वास किंवा गढूळपणा यांपैकी काहीही लिहिले असेल तर ते दूषित, अशी व्याख्या करून त्या ६० तक्रारी आम्ही पुन्हा तपासल्या. २३ तक्रारींत मजकूर रिकामा होता किंवा "फोटो पाहा" एवढेच होते. त्यांच्या जागी नव्या तक्रारी घेतल्या नाहीत. त्या "प्रकार कळत नाही" म्हणून मोजल्या, कारण पूर्ण फाईलमध्येही अशा तक्रारी आहेतच.

बेरीज करताना होणारी चूक

पावसाळ्याच्या ३०० पैकी ५७ तक्रारी दूषित पाण्याच्या निघाल्या, म्हणजे १९ टक्के. उरलेल्या वर्षाच्या ३०० पैकी २१ निघाल्या, म्हणजे ७ टक्के. सहकाऱ्याने ५७ आणि २१ मिळवून ६०० ने भागले आणि १३ टक्के लिहिले. हे चूक आहे, कारण नमुन्यात पावसाळ्याचा वाटा आम्ही मुद्दाम निम्मा केला होता, खऱ्या यादीत तो ४० टक्केच आहे. प्रत्येक स्तराच्या टक्केवारीला त्या स्तराच्या खऱ्या वाट्याने गुणावे लागते. १९ चे ४० टक्के म्हणजे ७.६ आणि ७ चे ६० टक्के म्हणजे ४.२, एकूण ११.८ टक्के. येथे फरक सव्वा टक्क्याचा दिसतो म्हणून तो दुर्लक्षू नये. पावसाळ्याच्या तक्रारी यादीत दहाच टक्के असत्या, तर हीच चूक ८.२ ऐवजी १३ दाखवून गेली असती.

११.८ ची चूक-मर्यादा अडीच टक्क्यांच्या आसपास येते. तक्रारींच्या संख्येत सांगायचे तर सुमारे १३,३००, आणि अंदाजाची पट्टी १०,५०० ते १६,१०० अशी. पावसाळा आणि उरलेले वर्ष यांतले अंतर १२ टक्क्यांचे आहे, त्याची मर्यादा सुमारे सव्वापाच टक्के. म्हणजे वाढ खरी आहे असे म्हणता येते, पण ती नेमकी किती आहे हे सैलच राहते.

न सापडलेल्या गोष्टीविषयी काय म्हणावे

ताईंनी मध्येच विचारले, "पाण्यामुळे कोणी आजारी पडल्याच्या तक्रारी किती आहेत?" आम्ही वाचलेल्या ६०० मध्ये तशी एकही नव्हती. "एकही नाही" असे उत्तर अहवालात गेले असते तर ते खोटे ठरले असते. ढोबळ नियम असा आहे की n नोंदींत एखादी गोष्ट एकदाही दिसली नाही, तर मूळ यादीत ती तीन भागिले n इतक्या प्रमाणापर्यंत असू शकते. येथे ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास जाते, आणि अर्धा टक्का म्हणजे या यादीतल्या पाचशे-सहाशे तक्रारी. आजाराच्या पाचशे तक्रारी आणि शून्य तक्रारी या दोन्ही गोष्टी आमच्या वाचनाशी सुसंगत होत्या.

दुर्मीळ पण गंभीर गोष्टींसाठी नमुना हे हत्यारच चुकीचे आहे. तेथे पूर्ण यादीत शब्द शोधावेत आणि सापडलेल्या सगळ्या नोंदी वाचाव्यात. आम्ही कावीळ, उलटी, जुलाब, पीलिया आणि त्यांची रोमन रूपे शोधली. पहिल्याच फेरीत `ulti` ला चारशेवर नोंदी सापडल्या आणि आम्ही हादरलो. वाचल्यावर कळले की त्यांतल्या बहुतेकांत रहिवाशांनी आपल्या इमारतीला `multistorey` म्हटले होते. शब्दाच्या सीमा घालून पुन्हा शोधले आणि उरलेल्या नोंदी एकेक करून वाचल्या, तेव्हा आजाराच्या ९४ तक्रारी मिळाल्या. हा आकडा "किमान ९४" असाच सांगायचा, कारण "मुलाचे पोट बिघडले" किंवा "घरात सगळे आजारी" असे लिहिणारा आमच्या शब्दांच्या जाळ्यातून निसटला असणार. शिवाय या ९४ तक्रारी त्या ६०० मध्ये मिसळून टक्केवारी काढायची नाही. त्या शोधून काढलेल्या आहेत, चिठ्ठी टाकून निवडलेल्या नाहीत.

ताईंना काय लिहून दिले

निष्कर्ष कुठवर लागू आहेत हे शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांत लिहिले तर ते कोणी वाचत नाही, आणि पुढे भाषणात किंवा बातमीत आकडा एकटाच फिरत राहतो. म्हणून आम्ही ते आकड्याच्या लगेच खाली, आकड्याच्याच आकाराच्या अक्षरांत लिहितो. या कामात दिलेला मजकूर असा होता:

> फाईलमध्ये १ जून ते ३१ मे या काळातल्या १,१२,६४० तक्रारी आहेत. आम्ही त्या सर्व वाचलेल्या नाहीत. पावसाळ्यातल्या ३०० आणि उरलेल्या वर्षातल्या ३०० तक्रारी चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडून वाचल्या. त्यावरून दूषित पाण्याच्या तक्रारींचे प्रमाण सुमारे १२ टक्के, म्हणजे साधारण ९ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान, असा अंदाज आहे. पावसाळ्यात हे प्रमाण उरलेल्या वर्षापेक्षा स्पष्टपणे जास्त आहे. रंग, वास किंवा गढूळपणा यांचा उल्लेख असलेली प्रत्येक तक्रार आम्ही दूषित धरली आहे. कोणत्याही एका विभागाविषयी या वाचनातून काहीही सांगता येत नाही. आजाराच्या किमान ९४ तक्रारी शब्दशोधातून मिळाल्या, ही संख्या वरच्या अंदाजाचा भाग नाही. हे निष्कर्ष नोंदवलेल्या तक्रारींविषयी आहेत, शहरातल्या पाण्याविषयी किंवा सर्व रहिवाशांविषयी नाहीत.

शेवटच्या वाक्यावर ताई अडल्या. त्यांना ते हात झटकण्यासारखे वाटले. मग आम्ही जलजोडणी क्रमांकाचा रकाना उघडून दाखवला. जवळजवळ प्रत्येक तक्रारीत तो भरलेला होता. म्हणजे ज्यांच्या नावावर जोडणीच नाही, जे शेजारच्या नळावरून पाणी भरतात किंवा टँकरचे घेतात, ते या फाईलमध्ये जवळपास नाहीतच, आणि ज्यांच्यासाठी संस्था काम करते त्यांतले बरेच जण तेच होते. वाचन ६०० ऐवजी ६०,००० केले असते तरी ते त्यात आले नसते. ताईंनी वाक्य ठेवले. एवढेच नव्हे, तर "सर्व रहिवाशांविषयी नाहीत" याच्या पुढे "विशेषतः ज्यांच्याकडे स्वतःची जोडणी नाही त्यांच्याविषयी नाहीत" असे स्वतःच्या हाताने जोडले.

"अंदाज आहे" या शब्दांवरही थोडी घासाघीस झाली. संस्थेतल्या एकांना "सिद्ध झाले आहे" हवे होते. आम्ही टक्केवारीबाबत नकार दिला, पण पावसाळ्यातल्या वाढीबाबत "स्पष्टपणे" हा शब्द मान्य केला, कारण तेथे चूक-मर्यादेची खालची बाजूसुद्धा शून्यापासून साडेसहा टक्के दूर होती.

अहवाल गेल्यावर आठवड्याने अपेक्षित फोन आलाच. विभागांपैकी सर्वांत वाईट कोणता, हे बैठकीत विचारले गेले होते. या ६०० तक्रारींतून ते सांगता येणार नाही, हे आम्ही पुन्हा सांगितले आणि सोबत किंमतही सांगितली. एका विभागाविषयी ५ टक्क्यांच्या आतल्या मर्यादेने बोलायचे तर त्या विभागातून नव्याने साधारण ४०० तक्रारी निवडून वाचाव्या लागतील, म्हणजे साडेचार तास. चोवीसही विभागांना १०० हून अधिक तास लागतील, आणि तरीही जवळजवळच्या विभागांत पहिला-दुसरा ठरवता येणार नाही. ताईंनी जरा विचार केला आणि संस्थेचे काम जिथे चालते ते तीन विभाग निवडले. त्या तीन विभागांच्या १,२०० तक्रारींचे वाचन सोमवारपासून सुरू झाले आहे, नव्या `random_state` ने आणि वहीतल्या नव्या पानावर.